पासबुकात ३०,२७५ आणि सर्टिफिकेटात ७५,०४९: व्याजाचा मेळ बसत नाही तेव्हा

जूनचा शेवटचा आठवडा आला, पाऊस नीट लागला की पार्ल्याहून आत्याचा फोन ठरलेला. "अरे, बँकेने याही वर्षी चुकीचं सर्टिफिकेट दिलंय. माझ्या पासबुकात एवढं व्याज आलेलंच नाही. न मिळालेल्या पैशांवर मी कर का भरू?"

आत्या एकाहत्तर वर्षांची. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे बेरीज चुकण्याचा प्रश्नच नाही. पासबुकातल्या व्याजाच्या प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलीने रेघ आणि शेवटी दुहेरी रेघेवर बेरीज: ३०,२७५. बँकेच्या व्याज सर्टिफिकेटावर मात्र ७५,०४९. दोन्ही आकडे खरे होते. बँकेत काउंटरच्या आत बरीच वर्षं काढल्यामुळे मला हा प्रश्न नवा नव्हता. मार्च उलटला की अर्धी गर्दी याच तक्रारीची असायची, आणि "सिस्टीमने दिलंय, बरोबरच असेल" हे आमच्याकडचं उत्तर. त्या उत्तराने कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलं नाही. म्हणून आत्याचंच २०२४-२५ चं प्रकरण पूर्ण उलगडून दाखवतो. तुमचा मेळ बसत नसेल तर कारण बहुतेक यातच कुठेतरी सापडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. पासबुक सांगतं तुमच्या बचत खात्यात किती पैसे पडले. सर्टिफिकेट सांगतं बँकेने तुमच्या नावावर किती व्याज धरलं. मुदत ठेव चक्रवाढीची असेल तर बँक दर तिमाहीला व्याज काढून ठेवीतच मिळवते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चपर्यंतच्या व्याजाची तरतूद आपल्या पुस्तकात करते. हा पैसा बचत खात्याला शिवतसुद्धा नाही. पण २०२४-२५ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४ए मध्ये स्पष्ट आहे की असं व्याज बँकेने 'देय व्याज' किंवा तत्सम कुठल्याही खात्यात टाकलं, तरी ते ठेवीदाराला जमा केल्यासारखंच धरायचं आणि त्यावर टीडीएस कापायचा. म्हणून पैसा हातात पडला नसला तरी टीडीएस कापला जातो आणि सर्टिफिकेटात व्याज दिसतं. आत्याचा "न मिळालेले पैसे" हा आक्षेप इथेच अडकलेला होता.

मेळ लावायला बसण्याआधी कागद बरोबर आहेत का ते बघा, कारण निम्मा गोंधळ चुकीच्या कागदांनी होतो. सर्टिफिकेटावर १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ हा काळ छापलेला हवा. आत्याने पहिल्यांदा फाइलमधून काढून दिलेलं सर्टिफिकेट जानेवारीत छापलेलं होतं. मार्चअखेर अजून किती व्याज होईल याचा बँकेचा अंदाज त्यात मिळवलेला होता. रिटर्नसाठी ते कामाचं नाही, बाजूला ठेवा आणि एप्रिलनंतरचं नवीन काढा. नेट बँकिंगमध्ये मिळतं, नाहीतर शाखेत अर्ज द्या.

पासबुकाचंही तसंच. चार-पाच महिने छापून घेतलं नाही तर काही बँका मधल्या नोंदी एकत्र करून एकच रक्कम छापतात, आणि व्याजाची ओळ त्यात गडप होते. अशा वेळी त्या काळाचं खात्याचं स्टेटमेंट मागून घ्या. आणि तुमच्या पॅनवर कापलेला टीडीएस दाखवणारा आयकर खात्याचा फॉर्म २६एएस जूनच्या मध्यानंतरच उतरवा. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला बँकेला ३१ मेपर्यंत मुदत असते. मे महिन्यात २६एएस उघडून "शेवटची तिमाहीच दिसत नाही" म्हणून घाबरणारे दर वर्षी भेटतात.

आता आत्याच्या ठेवी. मी त्यांना तिच्यासमोर वहीत अ, ब, क अशी नावं दिली.

अ म्हणजे ४ लाखांची, साडेसात टक्क्यांची, १ जानेवारी २०२४ ला केलेली. हिचं व्याज दर तिमाहीला बचत खात्यात येतं. ब म्हणजे ५ लाखांची, सात टक्क्यांची, ३१ मार्च २०२३ ला केलेली चक्रवाढ ठेव. क सगळ्यात जुनी: १ जुलै २०२१ ला २ लाख, ५.६ टक्के, तीही चक्रवाढ. १ जुलै २०२४ ला तिची मुदत पुरी झाली आणि पैसे बचत खात्यात आले.

पासबुकाचा त्या काळातला एक तुकडा असा दिसत होता:

```
01-04-2024  INT ON TD       6,750.00 CR
30-06-2024  SB INT            812.00 CR
30-06-2024  TDS ON TD         938.00 DR
01-07-2024  INT ON TD       6,750.00 CR
01-07-2024  TD CLOSURE   2,35,986.00 CR
```

पाच ओळींत चार वेगळ्या गोष्टी आहेत. बँक बदलली की शब्द बदलतात. `SB` ऐवजी नुसतं `Int.Pd` असेल, `TD` ऐवजी `FD` असेल. पण बचतीचं व्याज, ठेवीचं व्याज, टीडीएस आणि मुदतीची रक्कम हे चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

बचत खात्याचं व्याज सगळ्यात सोपं. चार नोंदी: ८१२, ७९४, ८४६ आणि ८२३, बेरीज ३,२७५. सर्टिफिकेटातही हाच आकडा. बचतीच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, त्यामुळे जे पडलं तेच व्याज. हा भाग जुळला की मी बाजूला टिकमार्क करतो आणि पुन्हा त्याकडे बघत नाही.

मग अ ठेव. पासबुकात ६,७५० च्या चार नोंदी, म्हणजे २७,०००. सर्टिफिकेटात ३०,०००. हा फरक टीडीएसचा. ४ लाखांवर साडेसात टक्क्यांनी तिमाहीचं व्याज ७,५०० होतं. त्यातले दहा टक्के, म्हणजे ७५०, कापून उरलेले ६,७५० खात्यात आले. रिटर्नमध्ये व्याज दाखवायचं ते कापण्याआधीचं, ७,५००. कापलेले ७५० हा तुमच्या नावाने आधीच भरलेला कर आहे. त्याची वजावट वेगळ्या ठिकाणी मिळते.

इथे एक बारीक चूक मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून होताना पाहिली आहे. पासबुकातली रक्कम हातात असते आणि मूळ व्याज काढायचं असतं, तेव्हा ते ६,७५० मध्ये त्याचेच दहा टक्के मिळवतात. उत्तर येतं ७,४२५. दहा टक्के कापले गेलेत ते मूळ व्याजाचे, पडलेल्या रकमेचे नाहीत. म्हणून ६,७५० ला ०.९ ने भागायचं, म्हणजे ७,५०० मिळतात. आत्याला हे समजवावं लागलं नाही. मला वाटतं तिने ते माझ्याआधीच मनात करून टाकलं होतं.

पण अ ठेवीत अजून एक गंमत आहे, आणि ती बेरीज जुळल्यावरही लपून राहते. पासबुकातल्या चार नोंदींच्या तारखा १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारी. पहिली नोंद, १ एप्रिल २०२४ ची, जानेवारी ते मार्च २०२४ या तिमाहीच्या व्याजाची आहे. ते व्याज आदल्या आर्थिक वर्षाचं, टीडीएसही ३१ मार्च २०२४ ला कापलेला आणि आदल्या वर्षाच्या २६एएसमध्ये गेलेला. उलट जानेवारी ते मार्च २०२५ चं व्याज या वर्षाच्या सर्टिफिकेटात आहे, पण पासबुकात १ एप्रिल २०२५ ला, पान उलटल्यावर. म्हणजे सर्टिफिकेटातल्या चार तिमाह्या आणि पासबुकातल्या चार नोंदी या पूर्णपणे त्याच चार नाहीत. एक टोक सुटलं, दुसरं जोडलं गेलं. दर आणि रक्कम तीच असल्यामुळे आकडा जुळला. ठेव वर्षाच्या मधे केलेली असती, तर एका तिमाहीचा फरक उघड्यावर आला असता आणि "बँकेने ७,५०० जास्त दाखवले" अशी तक्रार झाली असती. म्हणून पासबुक तपासताना मागच्या मार्चची शेवटची नोंद आणि पुढच्या एप्रिलची पहिली नोंद, दोन्ही समोर ठेवायच्या.

ब ठेव तर पासबुकात व्याज म्हणून कुठे दिसतच नाही. दिसतो तो फक्त टीडीएस, तोही नावे बाजूला. जूनअखेर ९३८, मग ९५४, ९७१ आणि ९८८. आत्याने या चार ओळींना "बँकेचे चार्जेस" समजून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

हे चार आकडेच ब ठेवीचं व्याज सांगतात. ठेवीची किंमत ३१ मार्च २०२४ ला ५,३५,९३० झाली होती. सात टक्क्यांचा तिमाही दर १.७५ टक्के. पहिल्या तिमाहीचं व्याज ९,३७९. ते मुद्दलात मिळालं, म्हणून पुढच्या तिमाहीला ९,५४३, मग ९,७१०, मग ९,८८०. चारही मिळून ३८,५११ (पैशांच्या फरकामुळे रुपया इकडेतिकडे होतो, त्यासाठी रात्र जागवू नका). प्रत्येकाचा दहावा भाग काढला की ९३८, ९५४, ९७१, ९८८ हेच आकडे येतात. टीडीएसची नावे नोंद दिसली आणि तिच्या शेजारी व्याजाची जमा नोंद नसली, तर कुठेतरी चक्रवाढ ठेव आहे असं समजायचं. काही बँका हा टीडीएस बचत खात्यातून न घेता ठेवीतूनच वळता करतात. मग पासबुकात एवढी खूणही राहत नाही, आणि पावतीवर छापलेल्या मुदतीच्या रकमेपेक्षा हातात थोडे कमी पैसे येतात.

खरा घोळ क ठेवीचा. पासबुकात १ जुलैला २,३५,९८६ जमा. आत्याने मुद्दल २ लाख वजा करून ३५,९८६ हे "या वर्षीचं व्याज" असं वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं होतं, पण बेरजेत घ्यावं की नाही हे न कळल्यामुळे बाहेर ठेवलं होतं. बाहेर ठेवलं ते बरंच झालं. ही रक्कम तीन वर्षांच्या व्याजाची आहे. मुदतीची पूर्ण रक्कम २,३६,३१२, आणि त्यातून ३२६ टीडीएस कापून २,३५,९८६ आले. एकूण व्याज ३६,३१२. त्यातलं ३१ मार्च २०२४ पर्यंतचं ३३,०४९ आधीच्या तीन वर्षांत बँकेने तरतूद करून धरलेलं. या आर्थिक वर्षात ठेव फक्त एप्रिल ते जून एवढीच जिवंत होती आणि त्या तिमाहीचं व्याज ३,२६३. टीडीएस ३२६, म्हणजे त्याचाच दहावा भाग. या वर्षाच्या सर्टिफिकेटात ३,२६३ च असायला हवेत, आणि तसंच होतं.

मात्र हे गणित तेव्हाच पूर्ण होतं, जेव्हा आधीचे ३३,०४९ आधीच्या रिटर्नमध्ये खरोखर दाखवलेले असतात. आत्याच्या घरी काका दर वर्षी सर्टिफिकेट बघून रिटर्न भरायचे. त्यांची फाइल काढली, तर २०२१-२२ च्या सर्टिफिकेटावर ८,५१८ भोवती लाल पेनाने गोल, २०२२-२३ ला ११,९२५, २०२३-२४ ला १२,६०६. तिन्ही आकडे त्या त्या वर्षाच्या रिटर्नच्या प्रतीत सापडले. मिटलं. तुमच्याकडे असं सापडलं नाही, म्हणजे इतकी वर्षं "पैसे येतील तेव्हा बघू" म्हणून काहीच दाखवलं नसेल, तर मग ते व्याज अजून करातून गेलेलंच नाही, आणि फक्त ३,२६३ दाखवून सुटका होत नाही. व्याज जमत जाईल तसं दाखवायचं की हातात आल्यावर, यात कायद्याने निवड दिली आहे. मात्र जी पद्धत धराल ती दर वर्षी तीच ठेवावी लागते. शिवाय हातात आल्यावर दाखवायचं ठरवलं, तर दर वर्षी कापलेला टीडीएस त्या वर्षी न मागता पुढे ओढत न्यावा लागतो, कारण ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्याच्यावरच्या टीडीएसची वजावट मिळते. पाच वर्षांची ठेव असेल तर हे ओझं पाच वर्षं सांभाळायचं. नोकरी किंवा पेन्शनवाल्या माणसाने सर्टिफिकेटाप्रमाणे दर वर्षी दाखवून मोकळं व्हावं असं माझं मत आहे. आधीची वर्षं सुटली असतील तर मात्र सगळी सर्टिफिकेटं घेऊन सीएकडे जा, घरच्या घरी जुगाड करू नका.

आता बेरीज मांडू. आत्याचे पासबुकातले ३०,२७५. त्यात अ ठेवीचा कापलेला टीडीएस ३,००० मिळवला. ब ठेवीचं न दिसणारं ३८,५११ मिळवलं. क ठेवीचं या वर्षापुरतं ३,२६३ मिळवलं. उत्तर ७५,०४९. वहीतलं पान सर्टिफिकेटाशेजारी धरून आत्या थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझी बेरीज चुकली नव्हती."

चुकली नव्हतीच. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण ७५,०४९ चं हे सर्टिफिकेट आम्हाला दुसऱ्या खेपेला मिळालं. आधी नेट बँकिंगवरून काढलेल्यात एकूण ७१,७८६ होते. ते घेऊन बसलो आणि २६एएस उघडला, तर तिथे बँकेने मुदत ठेवींवर दिलेलं व्याज ७१,७७४ आणि टीडीएस ७,१७७. पहिल्या सर्टिफिकेटातून बचतीचे ३,२७५ वजा केले तर ठेवींचं व्याज ६८,५११ येत होतं आणि टीडीएस ६,८५१. बँक आयकर खात्याला एक सांगते आणि ग्राहकाला दुसरं, हे बघून आत्या लगेच शाखेत भांडायला निघाली होती.

मी तिला थांबवून दोन वजाबाक्या केल्या. व्याजातला फरक ३,२६३. टीडीएसमधला फरक ३२६. दुसरा पहिल्याचा बरोबर दहावा भाग आहे. असं आलं की समजायचं, कुठलीतरी आख्खी ठेव सर्टिफिकेटाबाहेर राहिली आहे, कारण तिचं व्याज आणि तिचा टीडीएस दोन्ही एकत्र गायब आहेत. फरक नुसता व्याजात असता आणि टीडीएस जुळत असता, तर मी काळाची किंवा तरतुदीची गडबड शोधली असती. नुसता टीडीएस जुळत नसता, तर बँकेने भरलेल्या विवरणात पॅन चुकलाय का किंवा एखादी तिमाही भरायची राहिलीय का ते बघितलं असतं.

३,२६३ ही रक्कम क ठेवीची. ती सुटली कशी? ती ठेव काका असताना दोघांच्या नावावर केली होती, पहिलं नाव आत्याचं. त्या वेळी शाखेने तिच्यासाठी नवा कस्टमर आयडी उघडला. आत्याचं बचत खातं मात्र तिच्या नोकरीच्या दिवसांपासूनच्या जुन्या आयडीवर. नेट बँकिंग त्या एकाच आयडीच्या ठेवी दाखवतं आणि सर्टिफिकेटही त्याच आयडीचं देतं. टीडीएस मात्र पॅनवर चालतो, म्हणून २६एएसमध्ये दोन्ही आयडींचं एकत्र आलं. आयडी वेगळे असले तरी टीडीएसची मर्यादा तपासताना बँकेला पॅनवरच्या सगळ्या ठेवी एकत्र धराव्या लागतात. म्हणूनच या छोट्या ठेवीवरही टीडीएस कापला गेला होता.

तुमच्या पावत्यांवर कस्टमर आयडी छापलेला असतो. सगळ्या पावत्या ओळीने मांडून तो वाचा. दोन वेगळे दिसले, तर प्रत्येकाचं सर्टिफिकेट वेगळं मागा आणि शाखेला दोन्ही आयडी एक करायचा लेखी अर्ज द्या, पॅनच्या प्रतीसकट. अर्जावर पोच घ्या. आत्याच्या शाखेने हे काम आठवडाभरात केलं आणि मग ७५,०४९ चं एकत्र सर्टिफिकेट दिलं. काउंटरवरच्या मुलीला हा प्रकार चांगला माहीत होता. "मॅडम, जॉइंट ठेवींमध्ये होतं असं," एवढंच म्हणाली.

जॉइंट ठेवीवरून आठवलं. व्याज आणि टीडीएस पहिल्या नावावर जातात. पैसे दुसऱ्याने गुंतवले असले तरी बँकेला ते दिसत नाही. आईच्या पहिल्या नावावर स्वतःच्या पगाराची ठेव करणाऱ्यांनी याचा विचार ठेव करतानाच करावा. नंतर ते निस्तरणं वेळखाऊ असतं.

रिटर्न भरताना आत्याचा आकडा दोन ओळींत गेला: बचत खात्याचं व्याज ३,२७५ आणि ठेवींचं ७१,७७४. एकत्र लिहू नका, फॉर्ममध्ये दोन्हींना वेगळी जागा आहे. दोन्ही पूर्ण लिहायचे, काही वजा न करता. साठ वर्षांवरच्यांना जुन्या करपद्धतीत कलम ८०टीटीबीखाली बचत आणि ठेवी मिळून ५०,००० पर्यंत व्याजाची वजावट आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी मागायची असते. काही जण घरीच ७५,०४९ मधून ५०,००० वजा करून २५,०४९ व्याज दाखवतात. मग २६एएसशी ते जुळत नाही आणि नोटिशीला निमंत्रण मिळतं. नवीन पद्धत घेतली तर ही वजावट नाहीच. साठीच्या आतल्यांना जुन्या पद्धतीत ८०टीटीएखाली १०,००० पर्यंत मिळतात, तेही फक्त बचत खात्याच्या व्याजावर. ठेवीचं व्याज त्यात बसवू नका.

एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाबद्दल आयकर खात्याकडे आलेल्या माहितीचं पान, उघडल्यावर आत्या पुन्हा दचकली, कारण तिथे ठेवींचे ७१,७७४ दोनदा होते. एकदा टीडीएसच्या ओळीत आणि एकदा `SFT-016` या नावाखाली. बँक एकच व्याज दोन वेगळ्या विवरणांतून कळवते, म्हणून ते दोन ठिकाणी उमटतं. मिळवायचं नाही. त्याच्यावरच्या सारांशात, टीआयएसमध्ये, पोर्टल बहुतेक वेळा दोन्ही एकत्र ओळखून एकच रक्कम धरतं. तिथेही दुप्पट आली, तर त्या ओळीवर जाऊन `Information is duplicate / included in other information` हा पर्याय निवडा. आधीपासून भरून आलेल्या रिटर्नमधला आकडा डोळे मिटून मान्य करू नका, आधी वहीतल्या पानाशी लावून बघा.

मुदतीआधी मोडलेली ठेव हा वेगळाच त्रास आहे, आत्याकडे ती नव्हती म्हणून थोडक्यात सांगतो. ठेव मोडल्यावर बँक कमी दराने व्याज पुन्हा मोजते आणि आधी जास्त धरलेलं परत काढून घेते. मग सर्टिफिकेटात एखाद्या ठेवीसमोर उणे आकडा दिसतो किंवा २६एएसमधल्यापेक्षा कमी व्याज येतं, कारण आधीच्या तिमाहीचं विवरण जुन्या, जास्त व्याजावर जाऊन बसलेलं असतं. अशा वेळी ठेव मोडल्याची पावती आणि त्यावरचा व्याजाचा हिशेब जपून ठेवा, आणि २६एएसमधला आकडा दुरुस्त करायला बँकेलाच सांगा. टीडीएसचं सुधारित विवरण फक्त बँक भरू शकते, तुम्ही नाही.

आत्याचं रिटर्न जुलैतच गेलं. जाण्याआधी मी पासबुकाचं पुढचं पान उघडून १ एप्रिल २०२५ च्या ६,७५० पुढे पेन्सिलीने "हे गेल्या वर्षात धरलंय" असं लिहून ठेवलं. तेवढ्यात तिचं लक्ष खालच्या ओळीवर गेलं. १ जुलै २०२५ ला अ ठेवीचे पूर्ण ७,५०० आले होते. "बघ, आता टीडीएस कापायला विसरले. हे परत मागायला येतील." विसरले नव्हते. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून १ लाख झाली, आणि आत्याचं त्या वर्षीचं ठेवींचं व्याज अ आणि ब मिळून एकाहत्तर हजारांच्या आसपासच राहणार होतं. म्हणजे बँक कापणार नाही, २६एएसमध्ये ती ओळ येणार नाही, आणि ब ठेवीच्या टीडीएसच्या त्या चार ओळीही पासबुकात दिसणार नाहीत. व्याजावर कर मात्र आहे तसाच. पुढच्या जूनमध्ये ब ठेव शोधायला पावती आणि सर्टिफिकेट एवढंच हाताशी असेल, म्हणून मी वहीच्या त्याच पानावर खाली तिचा पावती क्रमांक उतरवून घेतला.